ठेव, कर्ज आणि मधली फट

बँक दोन व्याजदरांच्या मधल्या जागेत जगते. ठेवीदाराला ती एका दराने व्याज देते आणि कर्जदाराकडून त्याहून चढ्या दराने घेते. या दोन दरांमध्ये जी फट उरते, तिच्यातून कर्मचाऱ्यांचे पगार निघतात, शाखांचे भाडे भरले जाते, बुडालेल्या कर्जांची भरपाई होते, सरकारचा कर जातो आणि शेवटी भागधारकांना लाभांश मिळतो. ही फट किती रुंद आहे, हे मोजणाऱ्या मापाला निव्वळ व्याज मार्जिन म्हणतात. बँकांच्या तिमाही निकालांच्या बातम्यांत ‘निम’ या नावाने येणारा आकडा तो हाच.

त्याची व्याख्या दोन पायऱ्यांची आहे. वर्षभरात बँकेला मिळालेल्या व्याजातून तिने दिलेले व्याज वजा केले की निव्वळ व्याज उत्पन्न मिळते. या उत्पन्नाला बँकेच्या व्याज कमावणाऱ्या सरासरी मालमत्तेने भागले आणि उत्तर टक्क्यांत मांडले की झाले निव्वळ व्याज मार्जिन. इथे ‘मालमत्ता’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे. ग्राहकाच्या दृष्टीने ठेव ही संपत्ती असते आणि कर्ज हा बोजा. बँकेच्या ताळेबंदात मात्र हे उलटे असते. ठेव परत करायची असते म्हणून ते बँकेचे देणे, आणि कर्ज परत यायचे असते म्हणून ती बँकेची मालमत्ता.

व्याख्या सोपी असली तरी तिच्यामागचे गणित बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते आणि कर्जावर ९ टक्के द्यावे लागते, तेव्हा बँकेचे मार्जिन २ टक्के असणार, असा सर्वसाधारण हिशेब केला जातो. प्रत्यक्षात हेच दर असलेल्या बँकेचे मार्जिन साडेतीन टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. हा जास्तीचा दीड टक्का कुठून येतो, हे कळले की बँकेचा व्यवसाय बराचसा उलगडतो.

एका बँकेचा ताळेबंद

उदाहरणासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. तिच्याकडे एकूण १,००० कोटी रुपये आहेत. त्यांपैकी ५०० कोटी मुदत ठेवींचे आहेत आणि त्यांवर ती सरासरी ७ टक्के व्याज देते. बचत खात्यांत २४० कोटी आहेत. त्यांवर दर अडीच टक्के. व्यापारी आणि कंपन्यांच्या चालू खात्यांत ११० कोटी आहेत. चालू खात्यावर व्याज नसतेच. ५० कोटी तिने इतर वित्तसंस्थांकडून ६ टक्क्यांनी उसने घेतले आहेत. उरलेले १०० कोटी हे भागधारकांचे भांडवल आणि गेल्या वर्षांत साठवलेला नफा. त्यावरही व्याज द्यावे लागत नाही.

वर्षअखेरीस या बँकेने मुदत ठेवींवर ३५ कोटी, बचत ठेवींवर ६ कोटी आणि उसनवारीवर ३ कोटी असे एकूण ४४ कोटी रुपये व्याजापोटी दिले.

आता हे पैसे कुठे गुंतले आहेत ते पाहू. ७०० कोटी कर्जाऊ दिले आहेत आणि त्यांवर सरासरी ९ टक्के व्याज मिळते, म्हणजे ६३ कोटी. २०० कोटी सरकारी रोख्यांत आहेत. ७ टक्क्यांनी त्यांचे १४ कोटी येतात. रोख्यांतील बरीच गुंतवणूक बँक आपखुशीने करत नाही. ठेवींच्या ठरावीक प्रमाणात, सध्या साधारण १८ टक्के, सरकारी रोखे किंवा तशाच सुरक्षित स्वरूपातील मालमत्ता बाळगणे तिला बंधनकारक असते. राहिलेल्या १०० कोटींपैकी ५० कोटी तिजोरीत, एटीएममध्ये आणि रिझर्व्ह बँकेकडच्या रोख राखीव निधीत आहेत, तर ५० कोटी इमारती, संगणक आणि इतर येण्यांत अडकले आहेत. या १०० कोटींवर एक रुपयाही व्याज मिळत नाही; रिझर्व्ह बँक रोख राखीव निधीवर व्याज देत नाही.

बँकेला मिळालेले व्याज झाले ७७ कोटी आणि दिलेले ४४ कोटी. निव्वळ व्याज उत्पन्न ३३ कोटी. व्याज कमावणारी मालमत्ता ९०० कोटींची. ३३ ला ९०० ने भागले की मार्जिन येते ३.६७ टक्के.

स्वस्त पैशाची किंमत

आता हीच बँक फक्त मुदत ठेवींवर चालते असे समजू. सगळे १,००० कोटी तिने ७ टक्क्यांनी गोळा केले असते, तर व्याजापोटी ७० कोटी द्यावे लागले असते. मिळकत ७७ कोटींचीच राहिली असती आणि हातात उरले असते फक्त ७ कोटी. मार्जिन पाऊण टक्क्याच्या आसपास. म्हणजे ७ ने घेऊन ९ ने देण्याच्या धंद्यात २ टक्केही सुटत नाहीत, कारण जमा केलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी १० रुपये व्याजाविना पडून राहतात आणि २० रुपये कर्जापेक्षा कमी परतावा देणाऱ्या रोख्यांत जातात. व्याज मात्र पूर्ण १०० रुपयांवर द्यावे लागते.

७ कोटींचे ३३ कोटी होतात ते मधल्या २६ कोटींमुळे, आणि त्या प्रत्येक रुपयाचा उगम दाखवता येतो. बचत खात्यातील २४० कोटींवर ७ ऐवजी अडीच टक्के दिल्याने १० कोटी ८० लाख वाचले. चालू खात्यातील ११० कोटींवर काहीच न दिल्याने ७ कोटी ७० लाख. भांडवलावर व्याज नसल्याने ७ कोटी. उसनवारी मुदत ठेवींपेक्षा एक टक्का स्वस्त पडल्याने ५० लाख. बेरीज बरोबर २६ कोटी.

बँकांच्या भाषेत चालू आणि बचत खात्यांतील ठेवींना मिळून ‘कासा’ म्हणतात. या उदाहरणात ८५० कोटींच्या एकूण ठेवींपैकी ३५० कोटी कासा आहेत, म्हणजे ४१ टक्के. मार्जिनचा निम्म्याहून मोठा हिस्सा त्यांनीच मिळवून दिला आहे. कर्जाचे दर बाजारातील स्पर्धेमुळे बँकाबँकांत फारसे वेगळे राहत नाहीत. चांगल्या पगारदाराला गृहकर्ज देताना कोणतीही बँक शेजारच्या बँकेपेक्षा फार जास्त दर लावू शकत नाही. म्हणून एका बँकेचे मार्जिन दुसरीपेक्षा जास्त का, याचे उत्तर अनेकदा कर्जाच्या बाजूला नसून ठेवींच्या बाजूला सापडते.

बँक ऑफ महाराष्ट्र हे याचे जवळचे उदाहरण. पुण्यात १९३५ मध्ये स्थापन झालेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही बँक आकाराने देशातील मोठ्या सरकारी बँकांच्या मानाने लहान आहे. तरी २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिचे मार्जिन ३.९ टक्क्यांच्या आसपास होते आणि सरकारी बँकांत ते अग्रक्रमाचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या ठेवींपैकी निम्म्याहून अधिक ठेवी चालू आणि बचत खात्यांतील होत्या. हे दोन आकडे एकमेकांपासून वेगळे वाचता येत नाहीत. जिथे लोकांचे पगार, निवृत्तिवेतन, पिकाचे पैसे आणि सरकारी खात्यांची शिल्लक वर्षानुवर्षे एकाच शाखेत येत राहते, तिथे बँकेला स्वस्त पैसा मिळतो. तो मिळवण्यासाठी शाखा, माणसे आणि दीर्घ काळचा विश्वास लागतो. या पैशाला व्याज कमी लागते, पण तो गोळा करण्याचा खर्च कमी नसतो. फक्त तो खर्च मार्जिनच्या हिशेबात दिसत नाही.

हा स्वस्त पैसा कायमचा बँकेचा नसतो. बचत खातेदाराने शिल्लक रक्कम मुदत ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात वळवायला सुरुवात केली की मार्जिन आतून झिजू लागते. आपल्या काल्पनिक बँकेतील ६० कोटी रुपये बचत खात्यांतून निघून तिथल्याच मुदत ठेवींत गेले असे धरू. एकूण ठेवी तेवढ्याच राहतील, एकही ग्राहक बँक सोडणार नाही. पण त्या ६० कोटींवर साडेचार टक्के जास्त द्यावे लागतील. दोन कोटी ७० लाखांचा हा वाढीव खर्च मार्जिनला ३.६७ वरून ३.३७ टक्क्यांवर आणतो.

एका विलीनीकरणाने दाखवलेले गणित

पैसा कुठून आला यावर मार्जिन किती अवलंबून असते, हे १ जुलै २०२३ रोजी झालेल्या विलीनीकरणाने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. त्या दिवशी एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. गृहकर्ज कंपनीला चालू किंवा बचत खाती उघडता येत नाहीत. तिचा पैसा प्रामुख्याने बाजारातील कर्जरोख्यांतून, बँकांच्या कर्जांतून आणि मुदत ठेवींतून आलेला होता; म्हणजे सगळा पूर्ण दराचा. दुसऱ्या बाजूला तिची कर्जे होती मुख्यतः घरांसाठी, आणि तारण भक्कम असल्यामुळे गृहकर्जाचा दर इतर किरकोळ कर्जांपेक्षा कमी असतो. महाग पैसा आणि स्वस्त कर्जे असा हा ताळेबंद बँकेच्या ताळेबंदात मिसळला.

विलीनीकरणाआधीच्या तिमाहीत एचडीएफसी बँकेचे मार्जिन एकूण मालमत्तेच्या प्रमाणात ४.१ टक्के होते. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच तिमाहीत ते ३.४ टक्के झाले. जुन्या ठेवीदारांचे किंवा जुन्या कर्जदारांचे दर बदलले म्हणून ही घसरण झाली नव्हती. दोन वेगवेगळ्या पाण्यांचे मिश्रण केल्यावर तापमान मधे कुठेतरी येते, तसा तो आकडा खाली आला. ते भरून काढायचे तर महाग कर्जरोखे मुदत संपेल तसे फेडून त्यांच्या जागी ठेवी आणाव्या लागतात, आणि हे काम वर्षानुवर्षांचे असते.

कोणाचा दर आधी हलतो

आतापर्यंतच्या हिशेबात सगळे दर स्थिर धरले होते. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देण्याचा दर, वेळोवेळी बदलते आणि त्यासोबत इतर दरही हलतात. मात्र सगळे दर एकाच वेळी हलत नाहीत. मार्जिनचा चढउतार बहुतांशी या मागेपुढे होण्यातून येतो.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घर, वाहन यांसारखी नवी किरकोळ कर्जे आणि लहान उद्योगांची कर्जे बदलत्या दराने देताना तो दर बाहेरच्या एखाद्या मानकाशी जोडावा लागतो. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. अशा कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. मुदत ठेवीचे तसे नसते. तीन वर्षांपूर्वी ठरलेला दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो, मग बाहेर काहीही घडो. बचत खात्याचा दर तर त्याहून सुस्त. २०११ पासून बचतीचा दर ठरवण्याचे स्वातंत्र्य बँकांना आहे, तरी मोठ्या बँका तो क्वचितच बदलतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. त्या संपूर्ण चढणीत स्टेट बँकेचा सर्वसाधारण बचत खात्यांवरील दर २.७० टक्केच राहिला.

म्हणून दर चढू लागले की आधी कर्जे महाग होतात, ठेवी मागून महाग होतात आणि मधल्या काळात मार्जिन फुगते. दर उतरू लागले की हेच उलटे घडते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला. असा एक टक्का उतार आपल्या बँकेत कसा उतरेल ते पाहू.

तिच्या ७०० कोटींच्या कर्जांपैकी ४२० कोटी रेपोशी जोडलेली आहेत असे धरू. उताराचा पूर्ण परिणाम झाल्यावर या कर्जांवरचे व्याज वर्षाला ४ कोटी २० लाखांनी घटेल. ठेवींचे व्याज मात्र लगेच घटणार नाही. ५०० कोटींच्या मुदत ठेवींपैकी निम्म्यांची मुदत येत्या वर्षभरात थोडीथोडी संपत जाणार असेल, तर त्या २५० कोटींवर सरासरी अर्ध्या वर्षापुरताच कमी दर लागू होईल आणि वाचतील सव्वा कोटी. निव्वळ व्याज उत्पन्न ३३ वरून साधारण ३० कोटींवर येईल आणि मार्जिन ३.६७ वरून सुमारे ३.३४ टक्के होईल.

पुढे सगळ्या मुदत ठेवी नव्या दरावर आल्या की खर्च ५ कोटींनी कमी झालेला असेल आणि आधीचे नुकसान भरून निघाल्यासारखे दिसेल. पण तोपर्यंत उरलेली २८० कोटींची कर्जेही काहीशी स्वस्त झालेली असतात. ती अर्ध्या टक्क्याने उतरली तर १ कोटी ४० लाख जातात, आणि मार्जिन ३.६ टक्क्यांपाशी स्थिरावते. बचत खात्याचा दर इथे बँकेच्या मदतीला फारसा येत नाही, कारण तो आधीच इतका खाली असतो की आणखी उतरायला जागा थोडी असते. चढत्या दरांच्या काळात जो स्वस्त पैसा मार्जिन फुगवतो, तोच उतरत्या काळात ते आखडण्याचे एक कारण ठरतो.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर चार टप्प्यांत आणण्याचे जाहीर केले. याचा मार्जिनशी थेट संबंध आहे. आपल्या बँकेच्या ८५० कोटींच्या ठेवींवर एक टक्का म्हणजे साडेआठ कोटी रुपये बिनव्याजी निधीतून मोकळे होतात. ते ९ टक्क्यांनी कर्जाऊ गेले तर वर्षाला सुमारे ७६ लाख मिळतात. दरकपातीने झालेल्या नुकसानीचा काही भाग यातून भरून निघतो.

फट उलटी फिरली तर

दरांचे हे मागेपुढे होणे एरवी काही तिमाहींपुरते असते. ते लांबले तर काय होते, हे अमेरिकेतील ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ संस्थांच्या इतिहासातून कळते. या संस्था सामान्य लोकांच्या बचती घेऊन घरांसाठी कर्जे देत. ही कर्जे बहुधा तीस वर्षांच्या मुदतीची आणि शेवटपर्यंत एकाच दराची असत. ठेवी मात्र कधीही काढता येण्याजोग्या किंवा थोड्या मुदतीच्या असत. १९७०च्या दशकाच्या शेवटी महागाई रोखण्यासाठी अमेरिकी मध्यवर्ती बँकेने पैसा अतिशय महाग केला आणि १९८१ मध्ये अल्प मुदतीचे दर २० टक्क्यांच्या जवळ पोहोचले. ठेवीदार टिकवायचे तर बाजारासारखे व्याज देणे भाग होते; हातातली जुनी गृहकर्जे मात्र सहा-आठ टक्क्यांवर अडकलेली होती.

म्हणजे ठेवीचा दर कर्जाच्या दराच्या वर गेला आणि फट उणे झाली. त्या वेळी या संस्थांची बहुतेक कर्जे नियमित फेडली जात होती. कर्जदार बुडाले म्हणून तोटा झाला नव्हता. वेळेवर येणाऱ्या हप्त्यांतूनच भांडवल झिजत गेले. पुढे तोटा भरून काढण्यासाठी अनेक संस्था जोखमीच्या जमीन-बांधकाम प्रकल्पांत शिरल्या आणि संकट चिघळले. १९८६ ते १९९५ या काळात अशा हजाराहून अधिक संस्था बंद पडल्या.

भारतात गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असल्याने बँका या धोक्यापासून बऱ्याच सुरक्षित आहेत. पण धोका नाहीसा झालेला नाही, तो कर्जदाराकडे गेला आहे. २०२२-२३ मध्ये रेपो दर चढला तेव्हा अनेक गृहकर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि फेडीची मुदत काही वर्षांनी लांबली. बँकेचे मार्जिन ज्या व्यवस्थेने सांभाळले, तिची किंमत त्या कुटुंबांनी वाढलेल्या मुदतीतून दिली.

मार्जिन म्हणजे नफा नव्हे

३.६७ टक्के मार्जिन म्हणजे बँकेला तेवढा नफा झाला असे मुळीच नाही. आपल्या बँकेच्या ३३ कोटींच्या निव्वळ व्याज उत्पन्नात सेवाशुल्क, दलाली वगैरेंचे ९ कोटी मिळवले तर ४२ कोटी होतात. त्यातून पगार, भाडे, तंत्रज्ञान आणि ठेवविम्याचा हप्ता असे २० कोटी खर्च होतात. बुडण्याची शक्यता असलेल्या कर्जांसाठी ६ कोटींची तरतूद होते. उरलेल्या १६ कोटींवर ४ कोटी कर जातो आणि निव्वळ नफा राहतो १२ कोटी. १,००० कोटींच्या पसाऱ्यावर १.२ टक्के. चांगल्या चालणाऱ्या बँकेचे प्रमाण साधारण असेच असते. मार्जिनमध्ये पाव टक्क्याची घट झाली तरी सव्वादोन कोटी जातात, आणि १२ कोटींच्या नफ्यापुढे ही रक्कम लहान नाही. दशांशातल्या बदलावर बाजारात एवढी चर्चा होते ती यामुळे.

बुडीत कर्जाचा मार्जिनवर परिणाम अर्धाच दिसतो. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले की कर्ज अनुत्पादित ठरते. त्यानंतर प्रत्यक्ष हाती न आलेले व्याज बँकेला उत्पन्नात धरता येत नाही, आणि आधी धरले असेल तर तेही उलटवावे लागते. १४ कोटींची कर्जे अशी थकली तर वर्षाला १ कोटी २६ लाखांचे व्याज जाते, ठेवीदारांना द्यायचे व्याज मात्र सुरूच राहते, मार्जिन ३.५३ टक्क्यांवर येते. पण मुद्दलच बुडाले तर ते नुकसान तरतुदीच्या ओळीत जाते आणि मार्जिनला त्याचा स्पर्श होत नाही.

म्हणूनच फार मोठे मार्जिन दिसले की आधी त्यामागची कर्जे पाहावी लागतात. विनातारण लहान कर्जे देणारी एखादी संस्था २२ टक्क्यांनी कर्ज देते आणि ९ टक्क्यांनी पैसा आणते तेव्हा तिचे मार्जिन १३ टक्क्यांच्या घरात जाते. पण दहा-वीस हजारांच्या कर्जासाठी गावोगाव माणूस पाठवण्याचा खर्च मोठा असतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस गेला किंवा एकाच घरावर चार संस्थांची कर्जे साठली की वसुली थांबते. चांगल्या वर्षांत मार्जिन म्हणून दिसलेली रक्कम वाईट वर्षी तरतुदीत संपते. रुंद फट हा अनेकदा जोखमीचा आगाऊ घेतलेला मोबदला असतो. ठेवींवर इतरांपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देऊ करणाऱ्या संस्थेबाबतही हाच हिशेब लागतो: वाढीव व्याज भरून काढायचे तर तिला चढ्या दराने कर्ज घेणारा कर्जदार शोधावा लागतो, आणि ज्याला इतर कोणी स्वस्तात कर्ज देत नाही असाच माणूस सहसा तो दर मान्य करतो.

आकडा वाचताना

दोन बँकांच्या मार्जिनची तुलना करण्याआधी भाजक कोणता हे पाहणे आवश्यक असते. वरच्या उदाहरणात ३३ कोटींना व्याज कमावणाऱ्या ९०० कोटींनी भागले तर ३.६७ टक्के येतात. एकूण १,००० कोटींनी भागले तर ३.३ टक्के. बँक तीच, वर्ष तेच. काही बँका देशांतर्गत व्यवसायाचे मार्जिन वेगळे सांगतात आणि ते परदेशी शाखांसह काढलेल्या मार्जिनपेक्षा सहसा जास्त असते, कारण परदेशात बड्या कंपन्यांना दिलेल्या कर्जांवर फरक थोडा सुटतो.

दुसरी गोष्ट, एखाद्या तिमाहीत मार्जिन अचानक वर गेले तर त्यात एकदाच मिळालेले काही आहे का, हे तपासावे. जुने थकीत कर्ज वसूल झाले की अडकलेले व्याज एकदम जमा होते. आयकर परताव्यावर मिळालेले व्याजही असेच एका तिमाहीपुरते आकडा उंचावते. पुढच्या तिमाहीत ते येत नाही.

तिसरी आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे मार्जिनसोबत कासाचे प्रमाण आणि कर्जांचे मिश्रण पाहणे. कासा टिकून असताना मार्जिन टिकले असेल तर त्याचा पाया ठेवींत आहे. कासा घसरत असूनही मार्जिन तसेच राहिले असेल तर बँक बहुधा जास्त दराच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या कर्जांकडे सरकत आहे, आणि त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी तरतुदींत दिसतो.

ठेवीदारालाही या हिशेबातली आपली जागा ओळखता येते. बचत खात्यात वर्षभर पडून राहिलेल्या एक लाख रुपयांवर अडीच टक्क्यांनी अडीच हजार मिळतात. तेच पैसे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर सात हजार मिळाले असते. मधले साडेचार हजार बँकेच्या मार्जिनमध्ये जमा होतात. हव्या त्या क्षणी पैसे काढता येणे, एटीएम, धनादेश आणि फोनवरून होणारे व्यवहार यांची ती किंमत आहे. महिन्याच्या खर्चापुरत्या रकमेवर ती देण्यात काही चूक नाही. त्याहून जास्त पैसे खात्यात पडून असतील, तर त्या सोयीसाठी गरजेपेक्षा जास्त मोल दिले जात असते.